आजीची कोडी आणि तुझी भाकर

प्रिय सोन्या,

काल फोनवर तू रडवेला होऊन म्हणालास, "जेवताना आजीची कोडी मला येत नाहीत आणि माझी आजोबांना येत नाहीत." तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सावकाश लिहिते आहे.

आजीने तुला विचारलेलं कोडं मलाही लहानपणी आलं नव्हतं. "कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी." याचं उत्तर लसूण. तू रोज लसणीची चटणी खातोस, पण ती तुला वाटलेलीच दिसते. उद्या आजीकडून लसणाचा एक अख्खा गड्डा मागून घे, पाटावर ठेव आणि वरून मूठ आपट. पाकळ्या सुटून चहूकडे पळतील. त्याच त्या लेकी. जुनी कोडी अशी डोळ्यांनी पाहून केलेली असतात, म्हणून ती वस्तू हाताळली नसेल तर कितीही डोकं खाजवून उपयोग नाही. तुझ्या कार्टूनमधल्या राक्षसांची नावं आजोबांना येत नाहीत, त्याचंही कारण हेच. त्यांनी ते पाहिलेलेच नाहीत.

म्हणून ताटात जे वाढलेलं असेल, त्यावरच कोडं घालायचं. ते तिघांच्याही समोर असतं. आणि त्यासाठी मला सगळ्यात आवडतो तो अक्षरं काढायचा खेळ. बघ कसा ते.

भाकर हा शब्द घे. भा, क, र, अशी तीन अक्षरं. पहिलं काढलं की उरतो कर, जो सरकार घेतं. मधलं काढलं की भार, म्हणजे ओझं. शेवटचं काढलं की भाक, म्हणजे दिलेलं वचन. आता कोडं असं घाल: "तीन अक्षरांची मी, तव्यावर फुगते. डोकं गेलं तर सरकारला द्यावी लागते, पोट गेलं तर डोक्यावर घेऊन चालतात, पाय गेले तर जुने लोक एकमेकांना देत." यातला भार तू झटकन ओळखशील. भाक मात्र तुझ्या पुस्तकात कुठे आलेली नाही, ती आजोबाच सांगतील. दोघांनी मिळून सोडवायचं कोडं मला हवं होतं, ते हे. आजोबांनी भाक सांगितली की तो शब्द कुठे ऐकला होता ते जरूर विचार, मग ते बोलत राहतील आणि एक भाकरी जास्त खातील.

असे शब्द शोधताना पुष्कळ शब्द वाया जातात. चमचा घेऊन बघ: मचा, चचा, चम. एकालाही अर्थ नाही. मग तो सोडून द्यायचा, ओढूनताणून अर्थ लावायचा नाही. आणि काना, मात्रा, वेलांटी आपल्या अक्षराबरोबरच जाते. भाकरमधला क गेला तरी भा हा भाच राहतो, भ होत नाही. पुस्तकमधलं जोडाक्षर स्त हे एकच अक्षर धरायचं. पहिल्या दिवशी तुमचं भांडण इथेच होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आजोबांच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, हे लक्षात ठेव. तू त्यांच्या उजवीकडे बस. ओरडू नकोस, ओरडलं की शब्द आणखी फाटतात. भार म्हटलेला त्यांना फार ऐकू येतो आणि मग ते गप्प बसतात. आपल्याला कोडं आलं नाही असंच त्यांना वाटतं. एकेक अक्षर सावकाश म्हण आणि डाव्या हाताची बोटं दाखव, म्हणजे कितवं अक्षर काढलंस ते त्यांना दिसेल. उजवा हात तर जेवणात असतोच.

"चिमा काय कामाची" उलटं वाचायचा खेळ मात्र ताटावर नको. तो कागदावर लिहूनच जमतो. चि, मा, का, य, का, मा, ची. शेवटून वाचलं तरी तेच. मागे तू वेलांट्या सुट्या करून उलटं लिहिलंस आणि चुकलं म्हणून कागद फाडलास. पूर्ण अक्षर उचलायचं, आणि चि ऱ्हस्व की दीर्घ हे इथे बघायचं नाही. हा खेळ जेवण झाल्यावर, आजी सुपारी कातरत असते तेव्हा काढ.

आणि हे माझ्याकडून आज रात्रीच्या जेवणासाठी. तीन अक्षरांचा मी, माझं पाणी खारट. डोकं गेलं तर कैरीच्या पन्ह्यात सापडतो. पोट गेलं तर आजी मला वाटीत वाढते, वर कोथिंबीर घालून. पाय गेले तर माझ्या लाकडाचं कपाट आजोबांच्या खोलीत आहे. आधी तू एकट्याने सांगू नकोस. आजोबांना कपाटाकडे बघू दे.

तुझी,
आई