नसलेली तिसरी ऑर्डर आणि न फुटणारी पिवळी रेघ

प्रति,
व्यवस्थापक, प्रयोगशाळा उपकरणे विभाग

विषय: ग्रेटिंग आणि प्रयोगपुस्तिका, दोन्हींबद्दल तक्रार

आज दुपारी तुमच्या सेवा विभागाशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. आता फोन करणार नाही, लेखीच देतो.

इंचाला १५,००० रेषांची दहा ग्रेटिंग आणि सोबतची पुस्तिका आमच्या महाविद्यालयाने जूनमध्ये तुमच्याकडून घेतली. पुस्तिकेत सोडियम दिव्याच्या तक्त्यात तीन ऑर्डर छापल्या आहेत आणि तिसरीचा कोन ७५ अंश २० मिनिटं दिला आहे. ती दिसत नाही, एवढंच मी सांगत होतो.

तुमचे साहेब म्हणाले, "सर, टेलिस्कोप तिथपर्यंत फिरवला का?" फिरवला. "खोलीत अंधार केला का?" केला, खिडक्यांना गोणपाट लावलं. मग मी त्यांना फोनवरच हिशोब सांगितला. २.५४ सेंटिमीटरला १५,००० ने भागलं की दोन रेषांमधलं अंतर १६९३ नॅनोमीटर येतं. सोडियमची सरासरी तरंगलांबी ५८९.३. भागाकार २.८७. त्यावर ते म्हणाले, "२.८७ म्हणजे राउंड करून तीनच की सर."

वीस वर्षं शिकवतो आहे, पण हे उत्तर फार लागलं. इथे राउंड करायचंच नसतं, दशांशानंतरचं सोडून द्यायचं असतं. d sin θ = nλ मध्ये n ला तीन घातलं तर sin θ १.०४४ येतो, आणि साइन एकाच्या वर जात नाही. म्हणजे तो कोनच नाही. कितीही अंधार केला तरी नसलेली रेघ दिसणार कशी? हे समजावल्यावर त्यांनी "तुमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर शिकलेला कोणी आहे का" असं विचारलं. मीच शिकवतो.

७५ अंश २० मिनिटं आली कुठून, तेही मी शोधलं. पाऱ्याच्या दिव्याची हिरवी रेघ ५४६.१ नॅनोमीटरची. तिची तिसरी ऑर्डर याच ग्रेटिंगवर जवळजवळ त्याच कोनाला येते, कारण ५६४ च्या खालच्या तरंगलांबीलाच इथे तिसरी ऑर्डर मिळते. पाऱ्याचा आकडा सोडियमच्या तक्त्यात गेला आहे. ग्रेटिंग मुद्दाम तिरकं ठेवलं तर एका बाजूला सोडियमची तिसरी ऑर्डर मिळू शकते. पण तुमची पुस्तिका प्रकाश सरळ, नव्वद अंशात पाडायला सांगते, आणि सूत्रही त्याचंच देते.

याचा परिणाम सांगतो. एसटीने रोज ४० किलोमीटरवरून येणारी एक मुलगी मान वाकडी करून अर्धा तास ती रेघ शोधत राहिली. शेवटी तिने जर्नलमध्ये ७५ अंश २० मिनिटं लिहून टाकलं. विचारलं तर म्हणाली, "सर, पुस्तकात आहे, मलाच दिसंना." खोटं रीडिंग लिहायला तिला तुमच्या पुस्तिकेने लावलं.

दुसरी तक्रार ग्रेटिंगचीच. रेषांची संख्या बरोबर आहे: पहिली ऑर्डर २० अंश २२ मिनिटांवर मिळते, हे मी मान्य करतो. पण सोडियमच्या दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६, वेगळ्या दिसत नाहीत. पहिल्या ऑर्डरला त्यांच्यात जेमतेम १.३ मिनिटाचं अंतर असतं आणि आमचा व्हर्नियर एक मिनिटाचा, म्हणून मुलांना मी दुसऱ्या ऑर्डरलाच नेतो. तिथे एक रेघ ४४ अंश ५ मिनिटांवर, दुसरी ४४ अंश ८ वर यायला हवी, अंतर सुमारे ३.४ मिनिटं. तुमच्या दहापैकी सहा ग्रेटिंगमध्ये एकच फिसकटलेला पिवळा पट्टा दिसतो.

"स्लिट रुंद असेल," असं मला तीनदा सांगितलं गेलं. स्लिट रुंद असली की रेघा एकात एक मिसळतात, हे खरं. म्हणून मी स्लिट केसाएवढी बारीक केली, कोलिमेटर पुन्हा फोकस केला आणि काहीही न हलवता तिथेच आमचं जुनं ग्रेटिंग लावलं. दोन पिवळ्या रेघा स्वच्छ वेगळ्या दिसल्या. परत तुमचं लावलं, पुन्हा पट्टा. ट्यूबलाइटखाली धरलं की काचेतली फिल्म लाटा आल्यासारखी दिसते. फिल्म सपाट नसली की तिच्या वेगवेगळ्या भागांतून आलेला प्रकाश एका कोनाला जुळत नाही आणि रेघ पसरते. यात स्लिटचा दोष नाही.

ते जुनं ग्रेटिंगही तुमच्याच कंपनीचं आहे. तुमच्या नावावर विश्वास ठेवूनच मी खरेदी समितीत तुमची शिफारस केली होती, म्हणून जास्त वाईट वाटतं.

सहा ग्रेटिंग तुमच्या खर्चाने बदलून द्या आणि तक्ता दुरुस्त करून ज्या ज्या महाविद्यालयांना पुस्तिका गेली त्यांना कळवा. पंधरा दिवसांत झालं नाही तर उरलेलं बिल थांबवा असं मी समितीला लेखी देणार आहे. लातूर-नांदेडकडचे आमचे विषयशिक्षक परीक्षेच्या निमित्ताने भेटतात, त्यांना दोन्ही ग्रेटिंग एकाच टेबलावर लावून दाखवीन.

आपला,
भौतिकशास्त्र विभाग