रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडू नकोस

कर्वेनगर, पुणे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, ‘आई, व्हायरल लोड नॉट डिटेक्टेड आलाय, आणि क्रिएटिनिन मात्र वाढलंय. मग उगाच किडनी कशाला खराब करून घ्यायची? हिपॅटायटिस बीची ही टेनोफोव्हिरची गोळी बंदच करतो.’ तेव्हा बाबा शेजारी होते म्हणून मी फार बोलले नाही. पण रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर असं सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या नॉट डिटेक्टेडबद्दल. ती तपासणी रक्तात फिरणारा विषाणू मोजते. हिपॅटायटिस बी मात्र यकृताच्या पेशीच्या केंद्रकात स्वतःच्या डीएनएचं एक बंद कडं करून बसतो, आणि त्या कड्यावरून नव्या विषाणूंचा मजकूर उतरवला जातो. टेनोफोव्हिर नवी प्रत पुरी होण्याआधीच तोडतं. कड्याला मात्र ते हातही लावत नाही. म्हणून रक्त स्वच्छ दिसतं आणि तुझा सरफेस अँटिजेन, म्हणजे विषाणूच्या आवरणातलं प्रथिन, अजून पॉझिटिव्हच येतो. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ती ओळ आहे, बघ. आजार गेला असं मी लॅबमध्ये कधी म्हटलं असेल, तर तो अँटिजेन निगेटिव्ह आल्यावर, आणि तसं क्वचितच होतं.

तुझ्या मामाचं तुला पूर्ण माहीत नाही, तू तेव्हा बारावीत होतास. त्याचाही लोड दोन वर्षं नॉट डिटेक्टेड होता. कोणालाही न विचारता त्याने गोळ्या थांबवल्या. पहिले दोन महिने त्याला काही जाणवलं नाही, आणि खरा धोका त्यातच असतो. विषाणू आधी गुपचूप वाढतो, माणूस ठणठणीत असतो. काही आठवड्यांनी शरीराच्या प्रतिकारशक्तीला तो दिसतो आणि ती विषाणू असलेल्या यकृताच्या पेशींवर तुटून पडते. नुकसान होतं ते या हल्ल्याने. तिसऱ्या महिन्यात त्याला भूक लागेनाशी झाली, मग लघवी गर्द पिवळी व्हायला लागली. यकृताची सूज दाखवणारं एसजीपीटी चौदाशेच्या वर, बिलिरुबिन अकरा आणि आयएनआर १.९. आयएनआर वाढला म्हणजे यकृत रक्त गोठवणारे घटक पुरेसे बनवत नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याच आकड्याची वाटली. गोळी लगेच पुन्हा सुरू केली, तरी पंधरा दिवस ॲडमिट राहावं लागलं. तो वाचला, कारण त्याला सिरॉसिस नव्हता. आधीच जखडलेल्या यकृताला असा झटका झेपत नाही.

डॉक्टर काही निवडक रुग्णांची गोळी थांबवतात, हे खरं आहे. पण त्यासाठी सिरॉसिस नसावा लागतो, लोड काही वर्षं सलग दबलेला असावा लागतो, आणि थांबवल्यावर पहिले काही महिने दर महिन्याला एसजीपीटी आणि विषाणूचं डीएनए करावं लागतं, म्हणजे विषाणू उठताच दिसतो. टेनोफोव्हिर थांबवल्यावर तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतच उठतो. प्रोजेक्टच्या धावपळीत तू हे करशील, असं मला वाटत नाही.

आता किडनीबद्दल. तुझी काळजी अगदीच खोटी नाही, पण तू चुकीच्या आकड्याकडे बघतो आहेस. तू जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेतोस. तिचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, आणि स्नायू वाढले की तेही वाढतं. ०.९ वरून १.२ झालं त्यामागे ती पावडर असू शकते. महिनाभर ती बंद कर आणि पुन्हा मोज.

टेनोफोव्हिरचा त्रास व्हायचा असेल, तर तो आधी किडनीच्या गाळण्यांना होत नाही. गाळलेल्या पाण्यातून साखर, फॉस्फेट, प्रथिनं परत घेणाऱ्या नलिकांना होतो. औषध त्या पेशींमध्ये साठतं आणि त्यांचे ऊर्जा देणारे भाग दुखावतात. क्रिएटिनिन बरंच उशिरा हलतं. त्याआधी लघवी बोलते: रक्तातली साखर सरळ असताना लघवीत साखर उतरते, प्रथिनं दिसतात आणि रक्तातलं फॉस्फेट घसरतं.

मीही हिपॅटायटिस बीसाठी हीच गोळी घेत होते, आणि माझं तसंच झालं होतं. साठीनंतर पर्वती चढताना मांड्या दुखायच्या, मी वयावर ढकलत होते. वार्षिक तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज वाढून २१० आलं; ते लिव्हरमधूनही येतं आणि हाडांतूनही. सगळे म्हणाले, लिव्हर बिघडलं. पण जीजीटी नॉर्मल होतं. लिव्हरमुळे वाढ असती तर तेही वाढलं असतं, म्हणजे ही वाढ हाडांकडून होती. मग उपाशीपोटी फॉस्फेट केलं: १.८. किमान २.५ तरी असायला हवं. उपाशीपोटी साखर ९२ होती आणि लघवीत मात्र साखर दोन प्लस. क्रिएटिनिन तेव्हाही १.० होतं! फॉस्फेट लघवीवाटे वाहून जात होतं, हाडांना खनिज मिळत नव्हतं, आणि ते दुखणं त्यातून आलेलं होतं.

डॉक्टरांनी गोळी थांबवली नाही, बदलली. ३०० मिलिग्रॅमच्या टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिलऐवजी २५ मिलिग्रॅमचं टेनोफोव्हिर अलाफेनामाइड दिलं. ते यकृताच्या पेशीत शिरून मग फुटतं, त्यामुळे रक्तात टेनोफोव्हिर फार कमी राहतं आणि नलिकांवर ताण कमी येतो. एंटेकाविर हा दुसरा पर्याय होता, पण मी पूर्वी लॅमिव्हुडिन घेतलेलं असल्याने तो भरवशाचा नव्हता. काही महिन्यांत फॉस्फेट २.७ झालं आणि जिने चढणं सोपं झालं. लोड एकदाही उठला नाही. नव्या गोळीने कोलेस्टेरॉल आणि वजन थोडं वाढू शकतं, म्हणून तेही तपासत असते.

तुझं वय कमी, हाडांचा काही आजार नाही, तेव्हा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीची घाई नको. या गोळीने सुरुवातीला हाडांची घनता थोडी कमी होते, मग बहुधा स्थिरावते. मोडलेलं हाड किंवा स्टेरॉइडचा इतिहास असता तर आजच कर म्हटलं असतं.

तर आता असं कर. गोळी चालू ठेव. पावडर बंद, आणि गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेणं बंद. ते आणि टेनोफोव्हिर मिळून किडनीला एकदम त्रास देऊ शकतात. महिन्याने सकाळी उपाशीपोटी क्रिएटिनिन, फॉस्फेट, साखर, लघवीची रुटीन तपासणी आणि लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर कर. नंतर हेच दर सहा महिन्यांनी, एसजीपीटी, डीएनए आणि सोनोग्राफीबरोबर. काही बिघडलेलं दिसलं तर डॉक्टरांना विचार, ‘गोळी बदलायची का?’ स्वतः थांबवायची नाही. पैशांची अडचण असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमातून टेनोफोव्हिर मोफत मिळतं, तिथे नाव नोंदव.

गोळ्या संपायच्या दोन आठवडे आधी पुढच्या आण, आणि पुण्याला येताना मोजून न आणता पूर्ण डबी आण. रिपोर्ट आले की फोटो पाठव. फॉस्फेटचा आकडा आधी सांग.

तुझी,
आई