ऑर्डर लागली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

माननीय संपादक,

वेर्णा, कुंडईकडे लिस्टेड कंपन्यांत काम करणारे आमचे बरेच लोक आता स्वतःच्याच कंपनीचे शेअर मोबाईलवरून घेतात-विकतात, आणि इनसायडर ट्रेडिंग, म्हणजे कंपनीची आतली बातमी बाहेर यायच्या आधी तिच्या जोरावर शेअर घेणं-विकणं, म्हटलं की "ते डायरेक्टर लोकांचं, आपला काय संबंध" असं म्हणून मोकळे होतात. पण सेबीच्या 2015 च्या नियमांत डेझिग्नेटेड पर्सन म्हणून, म्हणजे आतली माहिती हाती येऊ शकणाऱ्यांची, जी यादी कंपनी करते त्यात अकाउंट्सचा, आयटीचा, साहेबांच्या सेक्रेटरीचा माणूसही असू शकतो, आणि त्याची बायको (किंवा तिचा नवरा) आपोआप त्यात धरली जाते.

तिमाही संपली की यादीतल्यांसाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे कंपनीचे शेअर घ्यायची-विकायची मुभा, बंद, ती निकाल जाहीर झाल्यावर 48 तासांनी उघडते. म्हणजे जूनच्या तिमाहीचा निकाल मंगळवारी 28 जुलैला संध्याकाळी 5 वाजता आला तर 48 तास भरतात गुरुवारी 5 ला, तेव्हा बाजार बंद झालेला असतो, म्हणजे खरेदी शुक्रवारी सकाळीच. या काळात पॅन त्या शेअरपुरता गोठवतात, आता जवळच्या नातेवाईकांचाही, त्यामुळे ऑर्डर रिजेक्ट होते आणि लोकांना वाटायला लागतं की चूक झाली तर सिस्टिमच अडवील.

इथेच फसतात. ते गोठवणं फक्त निकालापुरतं. समजा शुक्रवारी बायकोच्या खात्यावर 400 ने 200 शेअर घेतले, दिवाळीला 460 ने विकले, तेव्हा विंडो उघडीच होती, पैसे खात्यात आले. पण सहा महिन्यांच्या आत उलटा सौदा यादीतल्यांना चालत नाही, म्हणून तो 12,000 चा नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत भरावा लागतो. खरंच घरची अडचण असेल तर कंप्लायन्स ऑफिसर कारण लेखी नोंदवून सूट देऊ शकतो, पण ती विकण्याआधी मागायची, विकून झाल्यावर नव्हे!

आणि दुसरी कंपनी विकत घ्यायची बोलणी चालू आहेत हे तुम्हाला फाईल टाईप करताना कळलं, तर विंडो उघडी असो, पॅन मोकळा असो, ती बातमी एक्स्चेंजवर येईपर्यंत तुम्ही हात लावायचा नाही. चहाच्या गाड्यावर मेव्हण्याला सांगितलं तर सांगणं हाच गुन्हा, आणि त्याने घेतले तर तोही इनसायडर, मग तो कंपनीत नसला तरी. दंड किमान 10 लाख, नफा 12 हजारांचा असला तरी.

हे सगळं कर्मचाऱ्यांना कळतं कसं, तर भलामोठा इंग्रजी पीडीएफ मेलवर येतो आणि खाली 'आय अ‍ॅग्री' वर क्लिक. गोव्यातल्या कंपन्यांनी निदान विंडो उघडायची तारीख आणि सहा महिन्यांचा नियम मराठी-कोंकणीतून नोटीस बोर्डावर लावावा, त्याला खर्च एका कागदाचा.

आपला,
एक वाचक, फोंडा