सरांना दुसरा मेल लिहिण्याआधी

नाशिक
१६ फेब्रुवारी

प्रिय चिऊ,

काल रात्री तू पाठवलेला मेलचा मसुदा वाचला. फोनवर सांगायला बसले असते तर तू मधेच "हो गं आई, कळलं" म्हणाली असतीस, म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

वेर्ण्याच्या औषध कंपनीतल्या त्या सरांनी तुला गुरुवारच्या दुपारी बोलायला पंचवीस मिनिटं दिली, त्याला आता साडेचार आठवडे झाले. त्याच संध्याकाळी तू त्यांना चार ओळींचा आभाराचा मेल पाठवलास, त्यात काही मागितलं नाहीस, ते फार चांगलं केलंस. आता पुढच्या जागांबद्दल विचारायचंय आणि तिथे तुझा हात अडखळलाय. मसुद्यात तू लिहिलंयस, "आपल्या नामांकित कंपनीत योग्य अशी कोणतीही जागा असल्यास माझा विचार व्हावा. आपल्या लवकर उत्तराच्या प्रतीक्षेत." चिऊ, हे वाक्य कुणीही कुणालाही पाठवू शकतं. तुमच्यात जे बोलणं झालं त्याचा त्यात मागमूस नाही. आणि "कोणतीही जागा" म्हटलंस की शोधायचं काम त्या माणसावर पडतं.

बावीस वर्षं मी क्यूसीच्या लॅबमध्ये आहे, त्यातली नऊ वर्षं माणसं घेण्याच्या कामात माझाही हात असतो. म्हणून सरांच्या बाजूला काय असतं ते आधी सांगते. जागा निघते तेव्हा ती मॅनेजरच्या खिशात नसते. तो मागणी लिहितो, ती एचआरकडे जाते, मग प्लांट हेड आणि फायनान्सची मंजुरी लागते. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी आधी आतल्या लोकांना विचारतात, मग ओळखीतून आलेले बायोडेटा बघतात आणि शेवटी बाहेर जाहिरात देतात. या सगळ्यात दोन-तीन महिने सहज जातात. त्यामुळे "सर, माझं काम होईल का?" या प्रश्नाला सरांकडे खरं उत्तरच नसतं. हो म्हणणं त्यांच्या हातात नाही आणि नाही म्हणायला जीव होत नाही. अशा कात्रीत सापडलेला माणूस मेल बाजूला ठेवतो. आपल्याला वाटतं विसरले, पण तसं नसतं.

त्यांना देता येईल असं उत्तर मागायचं. ते तुला स्वतःच काय म्हणाले होते, आठव. तू मला त्याच रात्री सांगितलंस: "नव्या वर्षाच्या बजेटमध्ये दोन जागा मागितल्यात, बघू काय होतं." हा धागा त्यांनी स्वतःच तुझ्या हातात दिलाय. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, म्हणजे त्या दोन जागांचं चित्र मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये थोडंफार स्पष्ट होईल. तेव्हा विचारायचं ते एवढंच: त्या जागा मंजूर झाल्या तर फ्रेशरसाठी अर्ज साधारण कधी आणि कुठून घेतले जातात? हे सांगायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही आणि कुठला शब्द द्यावा लागत नाही.

आणखी एक आतली गोष्ट, जी तुला कॉलेजात कुणी सांगणार नाही. स्टॅबिलिटीचं काम वाढलं की क्यूसीत आणि अ‍ॅनॅलिटिकलमध्ये हात कमी पडतात. एका नव्या गोळीच्या तीन बॅचेस ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये ठेवल्या की तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला त्यांचे नमुने काढून तपासावेच लागतात. शिवाय दीर्घ मुदतीच्या चेंबरमधले नमुने वेगळे, ते वर्षानुवर्षं चालतात. अशी चार-पाच प्रॉडक्टं एकदम आली की सगळ्या तारखा एकमेकींवर येतात. आणि नव्या मुलीला प्रशिक्षण देऊन स्वतंत्र टेस्टिंगची मंजुरी मिळेपर्यंत आमच्याकडे तीनेक महिने जातात. म्हणून शहाणा मॅनेजर ओझं अंगावर यायच्या आधी माणूस घ्यायला बघतो. सर "पुढच्या तिमाहीत प्रोजेक्ट येतायत" म्हणाले, त्याचा अर्थ हा होता. म्हणूनच तू कधीपासून रुजू होऊ शकतेस हे मेलमध्ये असायलाच हवं. तुझ्या मसुद्यात ते कुठेच नाही. जूनमध्ये परीक्षा संपते, जुलैपासून मोकळी, हे एक वाक्य त्यांच्या हिशेबात सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

आता तुझ्या मेलचा खरा कणा. सरांनी तुला विचारलं होतं, "मेथड केलीस, पण औषध मोडून पाहिलंस का?" तू खरं सांगितलंस की नाही. त्यांनी वाचायला सांगितलं आणि जमलं तर करून बघ म्हणाले. आणि तू केलंस! विभागात उरलेल्या टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्यांवर आम्ल, अल्कली आणि पेरॉक्साइड लावून पाहिलंस. पेरॉक्साइडमध्ये अ‍ॅम्लोडिपिनच्या पीकला चिकटून एक छोटं पीक आलं, रेझोल्यूशन १.२ होतं. अ‍ॅसिटोनायट्राइल थोडं कमी केल्यावर ते २.१ झालं. हे तू मला फोनवर दहा मिनिटं सांगत होतीस, आणि मसुद्यात त्याचा एक शब्द नाही! चिऊ, ज्याने वेळ काढून सल्ला दिला त्याला "तुम्ही सांगितलेलं केलं, असं असं निघालं" हे ऐकायला मिळणं फार दुर्मीळ असतं. शंभरातले नव्वद जण सल्ला घेतात आणि परत येतात ते नोकरी मागायलाच.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, चार-पाच वर्षांपूर्वी. हुशार होती, बोलणंही छान झालं. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप आला, "मॅडम, काही झालं का?" आठवड्याने पुन्हा. मग एकदा रात्री साडेदहाला, "मॅडम, तुम्ही वाचलंय पण उत्तर नाही." निळ्या टिका बघून लिहिलं होतं तिने. तेव्हा मंजुरी अडकलेली होती, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मला तिचं नाव स्क्रीनवर दिसलं की छातीत धस्स व्हायचं. दोन महिन्यांनी जागा सुटली तेव्हा मी तिला कळवलं नाही. आजही त्याचं वाईट वाटतं, कारण तिची गरज खरी असणार. म्हणून तुला सांगते, नंबर असला तरी हे मेलनेच विचार.

मी मराठीत लिहिते, तू तुझ्या इंग्रजीत तुझ्या शब्दांत उतरव. शब्दशः नको.

"सर, जानेवारीत तुमच्याशी बोलल्यावर मी फोर्स्ड डिग्रेडेशन करून पाहिलं. पेरॉक्साइडमध्ये अ‍ॅम्लोडिपिनजवळ एक पीक आलं, रेझोल्यूशन १.२ होतं. मोबाइल फेज बदलल्यावर २.१ मिळालं. पीक प्युरिटी अजून तपासायची आहे, आमच्याकडचा पीडीए डिटेक्टर दुरुस्तीला गेला आहे. तुम्ही विचारलं नसतं तर हे माझ्या प्रबंधात आलंच नसतं.

तुम्ही एप्रिलनंतरच्या दोन संभाव्य जागांबद्दल बोलला होता. त्या पुढे सरकल्या, तर फ्रेशरसाठी अर्ज साधारण कधी आणि कोणत्या मार्गाने घेतले जातात, हे सांगता येईल का? माझी परीक्षा जूनमध्ये संपते, जुलैपासून मी रुजू होऊ शकते. बायोडेटा सोबत जोडला आहे. आत्ता काही ठरलं नसेल तर अजिबात हरकत नाही."

एवढंच. पीक प्युरिटी राहिली हे लपवू नकोस, सर पहिलं तेच विचारतील. शेवटच्या वाक्याने त्यांना गप्प राहण्याचीही मोकळीक मिळते, म्हणून "उत्तराच्या प्रतीक्षेत" काढून टाक. ते वाक्य दिसायला सभ्य आहे, पण वाचणाऱ्याला त्याचा तगादाच वाटतो. शिफारस करा असंही म्हणू नकोस. त्यांनी तुला बोलताना ऐकलंय, काम करताना पाहिलेलं नाही. त्यांना वाटलं तर ते आपणहून मेल एचआरला पुढे पाठवतील, आणि तसा तो पाठवता यावा म्हणूनच आटोपशीर ठेवायचा. बायोडेटा एका पानाचा, पीडीएफ. फाइलला तुझं पूर्ण नाव आणि "एमएस्सी अ‍ॅनॅलिटिकल" असं नाव दे. सध्याचं "फायनल न्यू २" उघडायच्या आधीच गोंधळ दाखवतं.

हा मेल याच आठवड्यात जाऊ दे. मार्चचा शेवटचा पंधरवडा टाळायचाच आहे. वर्षअखेरीचा माल पाठवायचा असतो, लॅबमध्ये बॅचेस सोडायची घाई असते, तेव्हा आम्ही घरचे फोनसुद्धा उचलत नाही. उत्तर नाही आलं तर एप्रिलच्या मध्यापर्यंत थांब. मग त्याच मेलच्या खाली, सांगण्यासारखं काही खरं असेल तरच, तीन ओळी लिही: पीडीए आला, प्युरिटी बसली किंवा नाही बसली. जागेचा उल्लेख एका वाक्यात. त्यानंतरही शांतताच असेल तर सोडून दे, तिसरा मेल नको. सर वाईट नसतात गं, कधीकधी मंजुरीच आलेली नसते.

"एचआरला पाठव" असं उत्तर आलं तर त्याच दिवशी पाठव आणि पाठवल्याचं सरांना एका ओळीत कळव. "यंदा जागा नाही" असं आलं तर आभार मान आणि त्या उत्तरात पुढचं काही विचारू नकोस. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये इन्क्रिमेंटची पत्रं मिळाल्यावर दोघं-तिघं राजीनामा देतातच, आणि नव्या जागेपेक्षा गेलेल्या माणसाच्या जागी माणूस घेणं लवकर मंजूर होतं. तेव्हा फेब्रुवारीतलं "नाही" जूनमध्ये तसंच असेल असं नाही. फक्त तोवर त्यांच्या मनात तुझं नाव त्या १.२ च्या पीकबरोबर राहिलेलं असू दे.

मेल मंगळवारी सकाळी पाठव. त्याआधी पुन्हा मला वाचायला पाठवू नकोस, माझे शब्द त्यात शिरतील. क्रोमॅटोग्राम मात्र मला वेगळा पाठव. ते छोटं पीक मला बघायचंय.

तुझी,
आई

ता.क. बफरचा पीएच मेथडमध्ये लिहिलाय तेवढाच होता ना, हे वहीत तपासून घे. सरांनी विचारलं तर आठवत बसू नकोस.