टायर जाळणाऱ्या वर्कशॉपविरुद्धचा अर्ज : मित्रास पत्र

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

आमच्या रस्त्याच्या कडेला असलेल्या वर्कशॉपमध्ये जुने टायर जाळतात, हे तुला ठाऊक आहेच. त्याविरुद्ध प्रदूषण नियंत्रण कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत पाठवत आहे. तो वाचताना तुला एक गोष्ट खटकेल, म्हणून आधीच सांगतो : हवेची तपासणी करावी अशी मागणी मी त्यात मुद्दाम केलेली नाही.

शेजारच्या एका गृहस्थांनी पूर्वी तशी मागणी केली होती. कार्यालयाने यंत्र बसवले, सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण मर्यादेत असल्याचा अहवाल आला आणि प्रकरण मिटले. अहवाल खोटा होता असे मी म्हणत नाही. आपल्याकडे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. समज, दिवसाचे बावीस तास हे प्रमाण ४० राहिले आणि टायर पेटल्यावर दोन तास २५० वर गेले, तर चोवीस तासांची सरासरी साडेसत्तावन्न येते. म्हणजे ज्या दोन तासांत म्हातारी माणसे खोकून बेजार होतात, ते दोन तास कागदावर उरतच नाहीत. शिवाय त्या यंत्राने केवळ कण मोजले. रबरातील गंधकापासून होणारा सल्फर डायऑक्साइड किंवा धुरातील बेन्झीन यांचा त्या अहवालात उल्लेखही नाही.

म्हणून मी हवेऐवजी जागेची पाहणी मागितली आहे. टायर जाळण्यामागचा हेतू समजला की पुरावा कुठे शोधायचा हेही कळते. रिमवर घट्ट बसणाऱ्या टायरच्या कडेत पोलादी तारेचे जाड कडे असते आणि भंगारात त्या तारेला भाव मिळतो. ती यंत्राने ओढून काढता येते, पण रबर जाळून टाकणे स्वस्त पडते. त्यामुळे आग विझल्यानंतरही जागेवर काळ्या पडलेल्या तारांची वेटोळी, राख आणि तेलकट झालेली माती राहते. रबर पूर्ण जळत नाही, त्याचा काही भाग तेल होऊन जमिनीत मुरतो, आणि ही खूण पाणी मारून जात नाही. उलट पाण्याबरोबर ते तेल गटारात उतरते. अधिकारी दुपारी आले तरी या गोष्टी त्यांना दिसतील, आणि पंचनाम्यात नेमक्या याच नोंदवाव्यात अशी माझी विनंती आहे.

वेळेबाबतही मी स्पष्ट लिहिले आहे. जाळण्याचे काम अंधार पडल्यावर चालते, कारण तेव्हा काळा धूर लांबून दिसत नाही. थंडीच्या रात्री तर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर वर न जाता घरांच्या उंचीवरच पसरून राहतो. म्हणून किमान एक पाहणी पूर्वसूचना न देता रात्री व्हावी असे मी म्हटले आहे. अर्जासोबत तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा यांची वही जोडली आहे. छायाचित्रे सगळी खिडकीतूनच काढली आहेत. तो धूर अंगावर घेऊन पुरावा गोळा करावा असे मी कोणालाही सांगणार नाही.

कायद्याचा भाग मी थोडक्यात ठेवला आहे. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याचा आणि जुने टायर उघड्यावर जाळण्यास मनाई करणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ च्या आदेशाचा उल्लेख केला आहे. त्याखाली एक सरळ प्रश्न विचारला आहे : या जागेला मंडळाचे संमतीपत्र आहे का, आणि असल्यास ते कोणत्या कामासाठी? या प्रश्नाला ‘चौकशी सुरू आहे’ असे मोघम उत्तर देता येत नाही, म्हणून तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्कशॉप बंदच करा अशी मागणी मात्र मी केलेली नाही. टायर दुरुस्तीवर तिथल्या कामगारांची पोटे आहेत, आणि तो धूर सर्वांत जवळून त्यांच्याच छातीत जातो. जाळणे थांबावे आणि साठलेले टायर परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडे जावेत, एवढेच माझे मागणे आहे.

अर्जाची एक प्रत नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला देणार आहे, कारण उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल दंड करण्याचे काम त्यांचे. दोन्हीकडून आवक क्रमांक घातलेली पोच घेईन. तू सरकारी पत्रव्यवहारात अनेक वर्षे काढली आहेस, तेव्हा पंचनाम्याच्या मागणीची भाषा पुरेशी नेमकी आहे का, ते बारकाईने पाहा. तुझ्या दुरुस्त्या आल्यावरच मी अर्ज देईन.

तुझा,
माधव