भरडधान्य खरे, पण जमिनीची खोली पाहून

शेतकरी मेळाव्यातील 'कमी पाऊस, हलकी जमीन आणि भरडधान्ये' या भाषणाचा वृत्तांत आपल्या अंकात वाचला. कमी पावसाच्या हलक्या जमिनीत भरडधान्ये घ्यावीत, हा मुद्दा पटला, पण वक्त्यांनी बाजरी आणि रब्बी ज्वारी एकाच मापाने मोजली, ते धोक्याचे आहे.

बाजरी खरिपात पडत्या पावसावर वाढते आणि 80-85 दिवसांत हाती येते, म्हणून मुरमाड रानातही ती साधते. रब्बी ज्वारीचे तसे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ज्वारी पुढे जमिनीत साठलेल्या ओलीवरच जगते, आणि ही ओल किती टिकणार हे मातीच्या खोलीवर ठरते. वीतभर मातीत मालदांडी पेरली, तर ऐन फुलोऱ्यात ओल संपते, कणसे भरत नाहीत, ताटे खडखड्या रोगाने आडवी होतात. मग दोष ज्वारीला दिला जातो! हलक्या रानात रब्बी ज्वारीच घ्यायची असेल, तर राहुरी कृषी विद्यापीठाचा 'फुले अनुराधा' हा वाण त्यासाठीच आहे. पेरणीआधी कुदळीने दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे, एवढे तरी मेळाव्यात सांगायला हवे होते.

— एक कोरडवाहू शेतकरी, माण (जि. सातारा)