‘औषध लगेच बंद करा’ हा सल्ला मागे घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्टेरॉइडवरचा लेख रात्री वाचला आणि राहवलं नाही म्हणून आज लिहिते आहे. ‘मुळातच नाजूक मनाच्या व्यक्तींना या गोळ्यांनी भ्रम होऊ शकतात, तसे आढळल्यास औषध लगेच बंद करावे’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंत. माझ्या धाकट्या भावाच्या घरात नेमकं हेच केलं गेलं होतं, आणि त्याचे परिणाम मी पाहिलेत.

भावाला मूत्रपिंडाचा आजार झाला. लघवीतून प्रथिनं जात होती, पाय आणि चेहरा सुजले होते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, दिवसाला 60 मिलिग्रॅम, म्हणजे सकाळ-दुपार-रात्र एकेक वीसची गोळी. त्याचं किराणा दुकान आहे. आयुष्यात त्याने मानसिक त्रासासाठी कधी डॉक्टर पाहिला नव्हता. तेव्हा तुमचं ‘नाजूक मन’ इथे लागू पडत नाही. पूर्वी असा त्रास झालेला आहे की नाही, यावरून कुणाला हे होईल याचा भरवशाने अंदाज बांधता येत नाही, असं पुढे मनोविकारतज्ज्ञांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तो रात्री दोनला दुकान उघडून बरण्या पुसत बसू लागला. सूज थोडी उतरली होती, तो गुणगुणत होता, पहाटे तीनला मला फोन करून म्हणाला, “ताई, मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.” आम्ही सगळे आनंदलो. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. औषध लागू पडलं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. झोप नाही आणि तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, अंगात उत्साह मावत नाही, ही पहिली खूण होती. ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. तुमच्या लेखातही ती नाही. लेख थेट भ्रमापासून सुरू होतो, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

अकराव्या दिवशी त्याने जेवण नाकारलं. शेजारी पाण्याच्या टाकीत काही टाकतो आणि दुकानाच्या वह्या चोरून वाचतो, असं तो म्हणू लागला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं गोळ्यांनी डोकं फिरलं. शेवटी एका नातेवाइकाने गोळ्या कपाटात लपवल्या. तुमच्या चौकटीतला सल्ला तंतोतंत पाळला गेला. चार दिवसांत पाय पुन्हा फुगले, आणि भ्रम मात्र तसाच राहिला. गोळी थांबली की मन त्याच दिवशी ताळ्यावर येतं असं नसतं. उन्माद किंवा भ्रम ओसरायला दिवस, कधी काही आठवडे लागतात. शिवाय ज्यांच्या गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त चालल्या आहेत, त्यांच्या शरीराचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं मंदावलेलं असतं. त्यांच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकतं. भाऊ तिथवर पोचला नव्हता, इतकंच.

जिल्ह्याच्या ठिकाणी किडनीचे डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ एकमेकांशी बोलले आणि मार्ग निघाला. मात्रा 60 वरून 40 वर आणली आणि ती सगळी सकाळी नाश्त्यानंतर एकदम द्यायची ठरली, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच वाढतं. रात्रीची गोळी झोप उडवण्यात भर घालते. रात्री ओलान्झापिन हे भ्रम आणि उन्माद शमवणारं औषध सुरू केलं आणि किडनीसाठी हळूहळू दुसरं औषध जोडत स्टेरॉइड उतरवत नेलं. या उपचाराच्या नवव्या दिवशी तो सलग सहा तास झोपला. तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याला भेटून रडला.

40 हा आकडा डॉक्टरांनी मनाने काढला नव्हता. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टनमधल्या एका औषध-निरीक्षण प्रकल्पाने प्रेडनिसोन, म्हणजे शरीरात गेल्यावर प्रेडनिसोलोनच बनणारं औषध, घेणारे 718 रुग्ण पाहिले. दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक त्रास 1.3 टक्क्यांना झाला, 41 ते 80 घेणाऱ्यांत 4.6 टक्क्यांना आणि 80 च्या वर 18.4 टक्क्यांना. शंभरात एखादा, मग चार-पाच, मग अठरा. मात्रा वाढते तसा धोका वाढतो, हे इतकं सरळ आहे. पण मात्रेवरून फक्त शक्यता कळते. त्रास कधी सुरू होईल, कसा असेल, किती दिवस टिकेल हे मात्रा सांगत नाही. बहुतेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतो, पण कमी मात्रेवरही होऊ शकतो. भावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्याच्या रक्तातलं अल्ब्युमिन 1.8 वर उतरलं होतं. प्रेडनिसोलोनचा काही भाग या प्रथिनाला चिकटून निष्क्रिय राहतो, आणि ते कमी असलं की मोकळं, काम करणारं औषध जास्त उरतं. म्हणून त्याच्या 60 चा भार सर्वसाधारण 60 पेक्षा जास्त होता, असं डॉक्टरांनी समजावलं. सुजलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘अवघे काही मिलिग्रॅमचे स्टेरॉइड निर्धोक’ हे तुमचं वाक्यही दुरुस्त करा. डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण 40. मिथाइलप्रेडनिसोलोनचे 4 म्हणजे प्रेडनिसोलोनचे 5. पाकिटावरचा आकडा लहान दिसतो म्हणून मात्रा लहान होत नाही. कोविडमध्ये घरोघरी डेक्सामेथासोन पोचलं होतं, तेव्हा हा हिशेब कितीजणांनी केला?

आणि एक सांगते, रागावू नका. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘सांधेदुखी तीन दिवसांत गायब’ अशी पुडीची जाहिरात आहे. अशा पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार घडलेले आहेत. ती घेणाऱ्या आजीची झोप उडाली, ती एकदम हसतमुख आणि बडबडी झाली, तर घरच्यांनी कोणत्या गोळीकडे बोट दाखवायचं? किती मिलिग्रॅम पोटात गेलं हे तिच्या डॉक्टरलाही कळणार नाही.

चौकटीच्या जागी चौकटच छापा: ‘सलग दोन रात्री झोप नाही आणि तरी उत्साह असेल, तर गोळी स्वतः बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.’ पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत.

आपली एक वाचक,
सांगली